तात्या तेव्हा कोण होते

अनंता केणे माणसं विसरला होता, पण अभंग विसरला नव्हता. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी गावातल्या देवळात हरिपाठ सुरू झाला आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याचे ओठ हलायला लागले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच्या बायकोनं, तुळजानं, पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "आलं गं माणूस माघारी." मग तिनं जवळ जाऊन विचारलं, "मी कोण?" अनंतानं तिच्याकडे टक लावून बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "बाय, तू दवाखान्यातली."

लेक रंजिता दारात उभी होती. तिला वाटलं, देवानं टाळ हातात ठेवला आणि घर काढून घेतलं.

पूर्णा गावच्या मोठ्या गोदामात बाप लोडर होता आणि लेक बिलिंगच्या टेबलावर. दुपारचं जेवण दोघं एकत्र जेवत. त्या दुपारी मात्र अनंता जेवायला आला नाही. रॅकच्या वरच्या फळीवरून तो खालच्या सिमेंटवर पडलेला सापडला, खोका शेजारी फुटलेला. वरचा माल उतरवणारी फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावलेली, बाहेर गाडी भरायला थांबलेली. फोर्कलिफ्ट नसताना रॅकवर चढायचं नाही, ही पाटी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी टांगलेली होती. आणि गाडी खोळंबली की चढायचं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या गल्लीत कॅमेरा नव्हता. त्याला उचलून गाडीत घातलं ते स्टोअरकीपर भूपेशनं. त्याच्या शर्टावरचे रक्ताचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

चढ म्हणून सांगितलं कुणी? सगळं इथंच अडलं होतं. युनियनचा मनोज घरी येऊन चहा पिता पिता स्पष्ट सांगून गेला होता, "काकी, काकांना वरच्या माणसानं हुकूम दिला हे ठरलं, तर कंपनीला भरपाई द्यावीच लागंल. न्हाईतर ते काय बोलतील? मनाई व्हती, पाटी व्हती, तरी आपल्या मनानं चढला. झटकले हात. काकांना आठवू द्या, बस."

आठवू द्या! जणू आठवण म्हणजे कोनाड्यातला दिवा, हात लांबवला की सापडावा.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या रीमाताई होत्या. बाई मोठी प्रेमळ. त्या म्हणाल्या, "अभंग पाठ आहेत ते चांगलंच आहे, पण ते जिभेला पाठ आहेत. आपल्याला हवीय ती माणसांची ओळख. कोण कुठला, कुणाचं काम काय. अपघाताआधीचं असं काही आहे का, ज्यात माणसं आहेत आणि त्यांना ते आवडायचं?"

रंजिताच्या तोंडून चटकन निघून गेलं, "आहे ना. सिरियल."

'साहेब खाली येताहेत' ही मालिका बापलेकीचा जीव की प्राण. एका पार्सल कंपनीचं शाखा कार्यालय, साहेबांची केबिन वर आणि बाकी सगळे तळमजल्यावर. जिन्यावर बूट वाजले की कुणीतरी ओरडायचं, "साहेब खाली येताहेत!" की झोपलेले जागे, जागे ते कामाला आणि कामातले लपायला. मग मागून हसण्याचा तो ठरलेला खळाळ. प्रत्येक भागात काहीतरी भयंकर उलथापालथ व्हायची. कुणाची नोकरी जायची, कुणाला बढती मिळायची. आणि भाग संपता संपता प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत परत. अनंता म्हणायचा, "कीर्तनासारखं हाय बघ. बुवा कुठं कुठं हिंडवून आणतात, पण शेवटाला मूळ अभंगावर आणून सोडतात."

जेवताना मोबाईल डब्याला टेकवून ते जुने भाग बघत आणि एकमेकांची परीक्षा घेत. शाखाप्रमुख कोण? वैशंपायन. स्टोअरकीपर? तात्या मुळगुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडी एकच वाक्य, "चिठ्ठी आणलीस का?" हिशेबाला पेडणेकर. शिपाई दामू. रिसेप्शनला मिस लोटलीकर. इथं अनंता बोट वर करायचा. "थांब! कोणतं पर्व ते बोल आधी. तिसऱ्या पर्वात ती तक्रार विभागाची प्रमुख."

"पण फोन तीच उचलायची, बाबा."

"उचलंल. पण पदावर कोण ते इचारलंस ना? पद वेगलं, काम वेगलं. आपल्याकडं बी तसंच हाय."

हा त्याचा लाडका मुद्दा. मालिकेत माणूस तोच राहतो, लकब तीच राहते, पण पद पर्वागणिक हलतं. म्हणून पर्व सांगितल्याशिवाय विचारलेला प्रश्न म्हणजे अर्धा प्रश्न. वैशंपायनांचं काम करणारा नट मालिका सोडून गेला, तेव्हा एका फोनवर साहेबांची नागपूरला बदली करून टाकली आणि तात्या मुळगुंदांना प्रभारी शाखाप्रमुख केलं. टेबलावर पितळी पाटी आली. तिच्यावर 'शाखाप्रमुख' ठसठशीत आणि 'प्रभारी' असं बारीक की वाचायला चष्मा लागावा. पण साहेबाच्या खुर्चीतले तात्या लोकांना रुचले नाहीत. चौथ्या पर्वात नवा साहेब आला, तात्या पुन्हा खाली, किल्ल्या पुन्हा कमरेला. कुणालाही विचारा तात्या कोण, तर सांगेल स्टोअरकीपर. ते मधले खुर्चीतले भाग कुणाच्या ध्यानात राहिले नाहीत.

रीमाताई म्हणाल्या, "छान. हेच घ्या. आणि ह्या ओळखीच्या माणसांना तुमच्या गोदामातली माणसं बांधत जा. जुन्या खुंटीला नवी दोरी."

रंजितानं दोरी बांधली. रोज सकाळी, ड्युटीला जायच्या आधी, खाटेशी बसून. "वैशंपायन कोण, बाबा?" "शाखाप्रमुख." "आपल्याकडं वैशंपायन म्हणजे केदार साहेब. मॅनेजर. बोला." "केदार साहेब." "तात्या कोण?" "स्टोअरकीपर. चिठ्ठी आणलीस का?" आणि बाप हसायचा. "आपल्याकडं तात्या म्हणजे भूपेश." "भूपेश." "पेडणेकर?" अनंता डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघायचा. आणि एके दिवशी म्हणाला, "पेडणेकर म्हंजे तू. बिलिंगला. रंजी."

रंजी! त्या हाकेसाठी तिनं किती नवस बोलले होते. तुळजानं देवापुढे साखर ठेवली. शेजारची कमळा धावत आली, तिलाही त्यानं नावानं हाक मारली. भूपेश भेटायला आला तर "ये रं, तात्या" म्हणाला. भूपेश बिचारा खूश. "चिठ्ठी आणलीत का, काका?" म्हणून त्यानं नाटक वठवलं आणि सगळं घर हसलं. अपघातानंतर त्या घरात पहिल्यांदा हसू आलं ते असं.

आणि मग मनोजनं येऊन विचारलं, "काका, वर चढायला कुणी सांगितलं?"

अनंता विचारात पडला. आणि शांतपणे म्हणाला, "तात्यानं."

रंजिताला खरं वाटेना. भूपेशनं? ज्यानं उचलून नेलं त्यानं? पण बाप हटेना. उद्या विचारलं तरी तेच, परवा विचारलं तरी तेच. मनोजनं मांडीवर थाप मारली, "स्टोअरकीपर म्हंजे कंपनीचा अधिकारी माणूस. झालं काम!" तुळजा म्हणाली, "म्हणून रोज येत होता होय, पाप धुवायला." त्या दिवसापासून रंजितानं भूपेशचा फोन उचलला नाही. गोदामात तो समोर आला की ती वाट बदलायची. तो कामतघरच्या चाळीत राहायचा, घरी आजारी आई. "रंजिता, मी त्या गल्लीत नव्हतोच गं," एवढंच तो एकदा जिन्यात म्हणाला. तिनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. माणूस आपल्या बापावर विश्वास ठेवणार, की परक्यावर?

चौकशी गोदामाच्याच मीटिंगच्या खोलीत झाली. मुख्य कार्यालयातून आसावरी मॅडम आल्या होत्या, एचआरच्या. चेहरा सज्जन, आवाज मऊ, आणि घाई असूनही घाई न दाखवणारी बाई. त्यांच्या उजव्या हाताला केदार साहेब. भूपेशला बाहेर बाकावर बसवलं होतं. इथं जे ठरेल ते पोलिसांकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. अनंताला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. एका बाजूला रंजिता, मागं तुळजा आणि मनोज.

"काका, घाबरू नका," आसावरी मॅडम म्हणाल्या. "आठवतं तेवढंच सांगा. वर चढायला कुणी सांगितलं?"

"तात्यानं."

"तात्या कोण?"

रंजिताच्या आधी केदार साहेबच बोलले. खुर्चीत मागं रेलून, हसऱ्या तोंडानं. "मॅडम, ती सिरियल नाही का, 'साहेब खाली येताहेत'? काकांना त्यावरून माणसं ओळखायला शिकवलंय. अख्ख्या गोदामाला माहीत आहे. तात्या मुळगुंद म्हणजे स्टोअरकीपर. म्हणजे आपला भूपेश."

"अच्छा, ते तात्या! किल्ल्यावाले," मॅडमही जरा हसल्या. "माझे वडील बघायचे. बरोबर, स्टोअरकीपरच. मग काका, तात्यानं काय सांगितलं? नीट सांगा."

अनंता ताठ बसला. हरिपाठाला उभा राहताना ताठ व्हायचा तसा. आणि त्यानं सांगायला सुरुवात केली, न अडखळता, एकेक गोष्ट मांडून.

"दुपार व्हती. तात्या साहेबाच्या खुर्चीत बसलेला. समोर ती पाटी, पिवली, पितलंची. तात्या बोलला, वरच्या फलीवरचं काढ. मी बोललो, पडंन. तो बोलला, पडलास तर मी हाय ना खाली! मंग मी चढलो. मंग पाय सटाकला."

"आणि मग?"

अनंताचा आवाज बारीक झाला. "मंग सगली हसली."



"हसली?" आसावरी मॅडमचं पेन थांबलं. "तुम्ही पडलात आणि लोक हसले?"

"हा. लई जोरानं. एकदम. आणि एकदम गप झाली." त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कुणी उचलाया आला न्हाय. नुसती हसली."

तुळजानं मागं हुंदका दिला. मनोज दात खाऊन म्हणाला, "लिहा, मॅडम. हे बी लिहा."

रंजिता मात्र त्या पितळी पाटीपाशीच अडकली होती.

ह्या गोदामात एकाही टेबलावर पितळी पाटी नव्हती. भूपेशला बसायला धड खुर्चीसुद्धा नव्हती, स्टुलावर बसून तो खोके मोजायचा. ही पाटी तिनं बघितली होती, बापाच्या मांडीला मांडी लावून, डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर. तिसरं पर्व. साहेब झालेले तात्या शिपाई दामूला फडताळावर चढवतात, जुनं पार्सल काढायला. पडलास तर मी आहे ना खाली. दामू पडतो आणि मागून तो ठरलेला खळाळ उठतो, एकदम सुरू, एकदम बंद. तेव्हा अनंता डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता.

बापाला काही आठवलं नव्हतं. ते डोकं त्या दुपारपुरतं कोरं होतं, आणि कोऱ्या जागी तिनंच, स्वतःच्या हातांनी, रोज सकाळी खाटेशी बसून दुसऱ्याची गोष्ट नेऊन ठेवली होती. देव शपथ, प्रेमानं ठेवली होती. बाप खोटं बोलत नव्हता. त्याला ते लागलं होतं, दुखलं होतं. लोक हसले म्हणून तो खरोखर रडत होता.

गप्प राहिली तर? तर भूपेश आत जाईल, भरपाई मिळेल. बापाच्या औषधांची सोय होईल. कुणाला कळणार होतं? केदार साहेबांना अर्धंच माहीत, मॅडमना तेवढंही नाही. बाहेरच्या बाकावरचा भूपेश दाराच्या काचेतून दिसत होता, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. शर्ट तोच, डागांचा.

"मॅडम," ती म्हणाली. "तात्या तेव्हा स्टोअरकीपर नव्हते."

"म्हणजे?"

"ह्या गोष्टीत नव्हते. तात्या पहिल्या दोन पर्वांत स्टोअरकीपर, चौथ्यात स्टोअरकीपर. तिसऱ्यात प्रभारी शाखाप्रमुख. पितळी पाटी तेव्हाचीच. बाबा सांगतायत तो तिसऱ्या पर्वातला भाग आहे. ते हसणं पण त्यातलंच. भूपेशनं काही सांगितलेलं नाही."

मागून तुळजाची हाक आली, "रंजे!" तिनं वळून बघितलं नाही. घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण मॅडम, विचार करा ना. इतक्या भागांतून त्यांनी हाच का काढला? तात्या खुर्चीत बसलेला भाग. खुर्चीतल्या माणसानं चढवलं, हेच त्यांना सांगायचं असणार. त्या गोष्टीत तात्या म्हणजे साहेब. स्टोअरकीपर नव्हे, साहेब!"

केदार साहेबांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. रंजितानं ते बघितलं. आसावरी मॅडमनीही बघितलं असावं. पण बघितलेलं सगळंच लिहिता येत नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मऊ आवाजातच म्हणाल्या, "रंजिता, तुम्हीच म्हणताय की हे त्यांना टीव्हीवरचं आठवतंय. मग त्यातलं भूपेशपुरतं खोटं आणि साहेबांपुरतं खरं, असं मी कसं धरू?"

मनोजनं कपाळावर हात मारून घेतला. केदार साहेब सावरून बसले. म्हणाले, "बिचाऱ्या काकांचा काय दोष? डोक्याला मार आहे." आणि ते इतक्या मायेनं म्हणाले की ऐकणाऱ्याला खरं वाटावं.

मॅडमनी लिहिलं ते असं, की जखमीची साक्ष ग्राह्य धरण्यासारखी नाही, हुकूम दिल्याचा पुरावा नाही, मनाईची पाटी जागेवर होती. भूपेशला आत बोलावून सांगितलं, तुझ्यावर काही नाही, जा. तो दोन्ही हात जोडून उभा राहिला आणि कुणाकडे बघून जोडावेत हे त्याला कळेना.

अनंता एवढा वेळ ह्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं रंजिताची बाही ओढली. "रंजी, मी चुकलो का गं?"

"न्हाय, बाबा. भाग बरोबर सांगितलात."

"मंग ही सगली गप का?"

बाहेर पडल्यावर जिन्यापाशी तुळजानं लेकीला गाठलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याचं घर तारलंस. चांगलं केलंस. आता आपलं सांग. ह्यांना मी काय घालू? तुझा खरेपणा?" रंजितानं खाली बघितलं. कीर्तनात सत्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्याला शेवटी देव भेटतो, टाळ वाजतात, लोक पाया पडतात. इथं गोदामाच्या दारात गाड्या लागल्या होत्या, पोरं खोके भरत होती, आणि कुणीतरी ओरडत होतं, फोर्कलिफ्ट कुठं मेली म्हणून.

मनोज रिक्षा आणायला गेला. रिक्षा आली, पण अनंताला खुर्चीतून उचलून आत बसवायचं कसं? दोघी बायकांना ते जमेना. भूपेश लांब उभा होता. कुणी हाक मारली नाही. तो आपणच आला, वाकला, आणि एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून त्यानं अनंताला उचललं. त्या दिवशी उचललं होतं तसंच.

अनंतानं त्याच्या गळ्यात हात टाकले. तोंडाकडे अगदी जवळून बघितलं आणि ओळखलं.

"तात्या," तो म्हणाला, "माझा राग न्हाय तुझ्यावर. तू सांगितलास, मी चढलो. तू हासलास, तो बी मी सोरून दिला. पांडुरंगाच्या समोर बोलतो, सोरून दिला."

रंजिता म्हणायला गेली, बाबा, हा नव्हे. भूपेशनं तिच्याकडे बघून मान हलवली. राहू दे.

"बरं, काका," तो म्हणाला. त्यानं अनंताला सीटवर नीट टेकवलं, पाय उचलून आत घेतले, चप्पल घातली. "चुकलंच माझं."

अनंताचं तोंड उजळलं. त्यानं हात जोडले आणि रिक्षा सुरू व्हायच्या आतच तो अभंग गुणगुणायला लागला, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तुळजा त्याच्या शेजारी बसली. रंजिता चढली नाही. ड्युटी संपली नव्हती. वर केबिनमध्ये केदार साहेब तिची वाट बघत होते, आणि उद्यापासून बिलिंगच्या टेबलावर आपण असू की नसू, हे तिला त्या जिन्याकडे बघतानाच कळलं होतं.